रक्तदान शिबिराचे निवेदन: 'निरोगी नागरिकांनी यावे' याऐवजी नेमके काय लिहावे?

तळटीप

आमचे मंडळ दरवर्षी रक्तदान शिबिर घेते आणि त्याचे निवेदन लिहिण्याचे काम माझ्याकडे असते. गेल्या वर्षी मी नोंदणीच्या मेजावर बसले होते. त्या दिवशी ५८ जण आले आणि त्यांपैकी १७ जणांना रक्त न देताच परत जावे लागले. कोणाला का परत जावे लागले, हे मी वहीत टिपून ठेवले होते. काहींनी दोनच महिन्यांपूर्वी दुसरीकडे रक्त दिले होते, काही जण सकाळपासून काहीही न खाता आले होते, दोघांची प्रतिजैविके चालू होती, काही स्त्रियांचे हिमोग्लोबिन कमी भरले आणि दोघे जण दोनला दहा मिनिटे कमी असताना पोहोचले, तोवर रक्तकेंद्राच्या लोकांनी आवराआवर सुरू केली होती. हिमोग्लोबिनचा अपवाद सोडला, तर बाकी सगळ्यांना घरी बसूनच हे कळू शकले असते, आणि ते माझ्या निवेदनातून कळले नाही, ही गोष्ट मला वर्षभर टोचत राहिली आहे.

ते निवेदन असे होते: 'रक्तदान हेच श्रेष्ठ दान! रविवार, दि. १२ जुलै रोजी सकाळी ९ ते दुपारी २ या वेळेत भव्य रक्तदान शिबिर. १८ ते ६५ वयोगटातील सर्व निरोगी नागरिकांनी मोठ्या संख्येने उपस्थित राहून रक्तदान करावे. रक्तदान पूर्णपणे सुरक्षित असून त्यामुळे कोणताही अशक्तपणा येत नाही. पात्रतेचे निकष लागू राहतील.' (तारीख यंदाची घातली आहे, बाकी मजकूर जसाच्या तसा आहे.)

यंदा मी रक्तकेंद्राकडून निकषांचा कागद मागवून घेतला आणि त्यातले सगळे निवेदनात उतरवले. ते चोवीस ओळींचे झाले. माझ्या धाकट्या बहिणीने ते वाचले आणि म्हणाली, 'मी यात बसत नाही वाटते.' प्रत्यक्षात ती सर्व निकषांत बसते. म्हणजे पहिल्या निवेदनाने नको त्यांना बोलावले आणि दुसऱ्याने हव्या त्यांना घालवले. यातले काय ठेवावे आणि काय गाळावे, याबद्दल जाणकारांनी सांगावे.

पहाटवारा

ताई, आपला उपक्रम स्तुत्य आहे. निवेदनाच्या सुरुवातीला एखादे प्रभावी घोषवाक्य असल्यास प्रतिसाद वाढतो, असा माझा अनुभव आहे. 'थेंब थेंब रक्ताचा, आधार एका जिवाचा' असे काही चालेल का? आवश्यक असल्यास मी आणखी चार-पाच लिहून देतो.

तळटीप

पहाटवारा, मनापासून आभार. फलकासाठी घोषवाक्य लागेलच, तेव्हा मी तुम्हाला नक्की विचारीन. येथे मात्र माझी अडचण वेगळी आहे. आमच्याकडे लोक येतात. ज्यांना येऊन परत जावे लागते, त्यांना ते आधी कसे कळावे, हा माझा प्रश्न आहे.

लालपेशी

मी बावीस वर्षे रक्तकेंद्रात तंत्रज्ञ म्हणून काम केले आहे आणि शिबिराच्या गाडीतून बरीच फिरले आहे. तुमच्या दोन्ही निवेदनांची अडचण एकच आहे: निकष दोन प्रकारचे असतात आणि ते एकत्र कालवले गेले आहेत.

पहिला प्रकार माणूस घरी बसून स्वतः ठरवू शकतो असा आहे. वय, वजन, मागचे रक्तदान केव्हा केले, सध्या कोणती औषधे चालू आहेत, गेल्या वर्षभरात काही मोठे घडले का, या गोष्टींची उत्तरे त्याच्याजवळच असतात. दुसरा प्रकार शिबिराच्या मेजावरच ठरतो: हिमोग्लोबिन, रक्तदाब, नाडी, ताप. हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅम असावे, हे निवेदनात लिहून काय साधते? वाचणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना आपले हिमोग्लोबिन ठाऊक नसते, आणि ज्यांना दोन वर्षांपूर्वीचा आकडा आठवतो, ते त्यावरून स्वतःला बाद करतात. म्हणून दुसऱ्या प्रकारातले सगळे एका वाक्यात गुंडाळावे: 'हिमोग्लोबिन आणि रक्तदाब आम्ही तेथेच तपासू.' हे वाक्य धीरही देते, कारण आपल्याला कोणीतरी तपासूनच पुढे पाठवणार आहे, हे त्यातून कळते.

पहिल्या प्रकारातही सगळे लिहू नये. वजन किमान ४५ किलो हवे, हे लिहावे. ४५ किलोंपासून ३५० मिलिलिटरची पिशवी घेतात आणि ५५ किलोंच्या वर वजन असेल तर ४५० मिलिलिटरची घेता येते. पण हा दुसरा आकडा वाचकाच्या निर्णयाला लागत नाही, त्यामुळे तो गाळावा. वयाच्या बाबतीत एक बारकावा मात्र लिहायलाच हवा. ६५ ही मर्यादा पूर्वी रक्त दिलेल्यांसाठी आहे. पहिल्यांदाच देणाऱ्याचे वय ६० च्या वर नसावे. तुमच्या निवेदनात नुसते '१८ ते ६५' आहे, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा रक्त द्यावे म्हणून मोठ्या उमेदीने आलेल्या बासष्ट वर्षांच्या गृहस्थांना आम्हाला परत पाठवावे लागते. तो प्रसंग त्यांनाही जड जातो आणि आम्हालाही.

उंबरठा

लालपेशी यांच्या मताशी मी सहमत आहे, परंतु काही निकष ठळकपणे लिहावेत असे वाटते. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांनी येऊ नये, हे पहिल्याच ओळीत असावे. माझ्या वडिलांना मधुमेह आहे म्हणून शिबिरातून परत पाठवले होते आणि ते फार खट्टू झाले. तसेच दोन रक्तदानांमध्ये तीन महिन्यांचे अंतर हवे, हेही लिहावे. हे सर्वांना लागू असल्याने समजायला सोपे आहे.

लालपेशी

उंबरठा, तुमच्या वडिलांच्या बाबतीत काय झाले असेल, याचा मी अंदाज करू शकते, पण त्यावरून सगळ्या मधुमेहींना वगळणे योग्य ठरणार नाही. आपल्याकडे राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेचे २०१७ चे निकष चालतात. त्यांनुसार इन्सुलिन घेणाऱ्यांचे रक्त घेत नाहीत. ज्यांची साखर गोळ्यांनी आटोक्यात आहे आणि गेल्या चार आठवड्यांत औषधात बदल झालेला नाही, ते रक्त देऊ शकतात. रक्तदाबाच्या गोळ्यांचेही तसेच आहे: गोळी चालू असली तरी त्या दिवशी वरचा आकडा १०० ते १४० आणि खालचा ६० ते ९० यांच्या दरम्यान असेल आणि गोळी नुकतीच बदललेली नसेल, तर चालते. तुमच्या वडिलांना इन्सुलिन असेल किंवा नुकतीच गोळी बदललेली असेल. निवेदनात 'मधुमेहींनी येऊ नये' असे लिहिले, तर चाळिशीपुढचे कितीतरी चांगले दाते घरी बसतील, आणि नेमाने दर चार महिन्यांनी रक्त देणाऱ्यांत याच वयाचे लोक बरेच असतात.

अंतराचे म्हणाल, तर तीन महिने सर्वांना लागू नाहीत. पुरुषांसाठी ९० दिवस आणि स्त्रियांसाठी १२० दिवस असा नियम आहे. याचे कारण लोहात आहे. एका पिशवीबरोबर शरीरातले साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जाते. रक्तातले पाणी एक-दोन दिवसांत भरून निघते, तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात, पण लोहाचा साठा त्याहून सावकाश भरतो. ज्या स्त्रीचे दर महिन्याला थोडे लोह जात असते, तिला तो भरायला अधिक अवधी लागतो. गेल्या वर्षी तुमच्याकडे हिमोग्लोबिन कमी भरलेल्या स्त्रियांपैकी कोणी तीन महिन्यांच्या हिशेबाने आल्या होत्या का, हे वहीत पाहा.

तळटीप

पाहिले. एकीच्या नावापुढे 'मार्चअखेर दिले होते' अशी नोंद आहे आणि गेल्या वर्षीचे शिबिर जुलैच्या पहिल्या आठवड्यात होते. म्हणजे ती १२० दिवसांत बसतच नव्हती. बाकीच्यांची नोंद नाही.

दिनमान

एक सूचना करतो. '९० दिवस' किंवा '१२० दिवस' असे लिहिले की हिशेब वाचणाऱ्याच्या गळ्यात पडतो. कोणीही कॅलेंडर घेऊन दिवस मोजत बसत नाही. मनात अंदाज करतो आणि येतो. तुमच्या शिबिराची तारीख ठरलेली आहे, तर हिशेब तुम्हीच करून तारीख द्या. १२ जुलैच्या तीन महिने आधी म्हणजे १२ एप्रिल, आणि चार महिने आधी म्हणजे १२ मार्च. 'पुरुषांनी १२ एप्रिलनंतर आणि स्त्रियांनी १२ मार्चनंतर रक्त दिले असल्यास यंदा येऊ नये,' एवढे लिहिले की काम झाले.

लालपेशी

दिनमान, ही कल्पना फार उपयोगाची आहे आणि इतक्या वर्षांत मी ती कोणत्याही फलकावर पाहिली नाही. फक्त तारखा दिवसांवरून काढाव्यात, महिन्यांवरून नव्हे. १२ जुलैपासून ९० दिवस मागे गेले की १३ एप्रिल येते आणि १२० दिवस मागे गेले की १४ मार्च. महिन्यांच्या हिशेबाने तुम्ही एक-दोन दिवस जास्तच अंतर ठेवले आहे, त्यामुळे धोका काही नाही. पण १४ मार्चला रक्त दिलेली स्त्री उगाच घरी राहील. आणखी एक सुचवते. वाक्य नकारार्थी न ठेवता असे करा: 'पुरुषांनी १३ एप्रिलपर्यंत आणि स्त्रियांनी १४ मार्चपर्यंत मागचे रक्तदान केले असेल, तर या वेळी देता येईल.' वाचणाऱ्याला आपण बसतो की नाही हे शोधायचे असते, त्यामुळे 'देता येईल' हे शब्द त्याच्या लवकर नजरेस पडतात.

लांबपल्ला

मी या चर्चेत थोडा वेगळा प्रश्न विचारतो, विषयांतर वाटल्यास क्षमा असावी. मी लांब पल्ल्याची बस चालवतो. आमच्या भागातही अशाच एका रविवारी शिबिर आहे आणि माझी पाळी सोमवारी पहाटे चारला सुरू होते. मी यापूर्वी तीनदा रक्त दिले आहे आणि मला कधीच काही झाले नाही. वजन ७२ किलो आहे. मला देता येईल ना?

लालपेशी

लांबपल्ला दादा, या वेळी देऊ नये. लांब पल्ल्याचे चालक, विमानातले कर्मचारी, आपत्कालीन सेवेतले लोक आणि फार कष्टाचे काम करणारे यांनी पुढची पाळी सुरू होण्याच्या आधीचे २४ तास रक्त देऊ नये, असा नियम आहे. रविवारी दुपारी बारा वाजता दिले तर सोमवारी पहाटे चारपर्यंत सोळाच तास होतात. तुम्हाला तीनदा काही झाले नाही, हे खरे आहे. पण चक्कर कधी कधी रक्त दिल्यानंतर काही तासांनीही येते, आणि त्या वेळी तुमच्या हाती चाक आणि मागे चाळीस माणसे असतील. ज्या आठवड्यात सोमवारी सुटी असेल, तेव्हा सरळ रक्तकेंद्रात जाऊन द्या. त्यासाठी शिबिराची वाट पाहावी लागत नाही. रात्रपाळी करून न झोपता येणाऱ्यांनाही हेच सांगावे लागते.

तळटीप, हा प्रश्न विषयांतर नाही. तुमचेही शिबिर रविवारी आहे. सोमवारी लवकर कामावर जाणारे चालक तुमच्या परिसरात असतील, तर ही ओळ निवेदनात हवी.

तळटीप

आमच्या परिसरात चालक बरेच आहेत. ओळ घेते. आता मला वेळेबद्दल आणि सुरक्षिततेबद्दल विचारायचे आहे. गेल्या वर्षी उपाशी आलेल्यांना मी विचारले, तेव्हा दोघांनी सांगितले, 'रक्त द्यायचे म्हणून उपाशी आलो.' मला त्या वेळी याचा अर्थ कळला नाही.

लालपेशी

त्यांच्या मनात प्रयोगशाळेतली रक्ततपासणी होती. साखरेच्या तपासणीला उपाशीपोटी बोलावतात, हे घरोघरी ठाऊक असते, आणि 'रक्त द्यायला जायचे' हे शब्द दोन्हींसाठी सारखेच आहेत. म्हणून 'भरपेट नाश्ता करावा' एवढ्याने भागत नाही, तो गैरसमज नाव घेऊन दूर करावा लागतो: 'ही रक्ततपासणी नाही, उपाशी येऊ नका.' उपवासाच्या दिवशीही देऊ नये. दोन-तीन तास आधी नेहमीचे जेवण किंवा नाश्ता व्हावा आणि शिबिरात पोहोचल्यावर, सुई टोचण्याआधी दोन मोठे पेले पाणी प्यावे. घाई करून गिळलेल्या दोन घासांपेक्षा या पाण्याचा उपयोग जास्त होतो, कारण चक्कर येण्यात रक्तदाब एकदम उतरण्याचा भाग मोठा असतो आणि पोटातले पाणी काही काळ तो सावरून धरते.

वेळेच्या बाबतीत '९ ते २' हे शिबिराचे वेळापत्रक झाले. दात्याला वेगळी वेळ हवी असते: नोंदणी केव्हापर्यंत आणि माझा किती वेळ जाईल. प्रत्यक्ष रक्त पाच ते दहा मिनिटांत निघते, पण अर्ज भरणे, तपासणी आणि नंतरची विश्रांती धरून पाऊण तास लागतो. गर्दी असेल तर एक तास. त्यामुळे नोंदणी दीड वाजता नव्हे, एक वाजता बंद करा आणि निवेदनात 'एक वाजेपर्यंत' एवढेच लिहा. दोनचा आकडा दिसला की लोक दोनच धरतात.

सांजसावली

मला सुरक्षिततेच्या ओळीबद्दल बोलायचे आहे. एकोणीस वर्षांची असताना मी पहिल्यांदा रक्त दिले. फलकावर 'कोणताही त्रास होत नाही' असे लिहिलेले होते. रक्त देऊन झाल्यावर मी लगेच उठले, दारापर्यंत गेले आणि खाली पडले. हनुवटीला दोन टाके पडले. जखम भरली, पण त्याहून वाईट हे झाले, की आपल्यातच काही कमी आहे अशी माझी समजूत झाली आणि पुढे अकरा वर्षे मी रक्त दिले नाही. कोणी आधी सांगितले असते की पहिल्यांदा देणाऱ्या तरुणांना असे होऊ शकते आणि दहा-पंधरा मिनिटे पडून राहायचे असते, तर मी पडून राहिले असते.

उंबरठा

आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल वाईट वाटते. तरीही निवेदनात चक्कर येण्याचा उल्लेख केला, तर लोक घाबरतील आणि येणार नाहीत, असे मला वाटते. तो उल्लेख शिबिरात तोंडी करावा. त्याऐवजी 'एचआयव्ही आणि काविळीची मोफत तपासणी' असे लिहावे. रक्ताची तपासणी होतेच, तर लोकांना त्याचा लाभ सांगायला काय हरकत आहे? त्याने संख्या वाढेल.

लालपेशी

तपासणीचे आधी सांगते, कारण ही ओळ कृपा करून कोणीही घालू नये.

प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, गुप्तरोग आणि हिवताप या पाचांसाठी तपासणी होते, हे बरोबर आहे. पण संसर्ग झाल्यानंतर सुरुवातीचा काही काळ असा असतो, की रक्तात विषाणू असतो आणि तपासणीत मात्र तो सापडत नाही. तपासणीची पद्धत जितकी आधुनिक, तितका हा काळ कमी होतो, पण शून्य होत नाही. आता विचार करा, 'मोफत एचआयव्ही तपासणी' ही ओळ वाचून नेमके कोण ओढले जाईल? ज्याला गेल्या काही दिवसांतल्या एखाद्या प्रसंगामुळे धास्ती वाटते आहे आणि गुपचूप खात्री करून घ्यायची आहे, तो. म्हणजे ज्या माणसाने त्या महिन्यात रक्त देऊ नये, त्यालाच आपण आमंत्रण देतो, आणि ते रक्त एखाद्या बाळंतिणीला किंवा थॅलेसेमियाच्या मुलाला चढू शकते. ज्याला शंका आहे, त्याच्यासाठी शासकीय रुग्णालयांत समुपदेशनासह मोफत आणि गोपनीय तपासणीची केंद्रे आहेत. त्याने तेथे जावे. निवेदनात लिहायचेच असेल तर उलट लिहावे: 'केवळ तपासणी करून घेण्यासाठी रक्तदान करू नये.'

आता चक्करेबद्दल. 'पूर्णपणे सुरक्षित' या दोन शब्दांत दोन वेगळ्या भीती एकत्र झाकल्या जातात. एक भीती, 'मला काही रोग तर लागणार नाही ना?' आणि दुसरी, 'मला अशक्तपणा येईल का?' पहिलीला ठाम 'नाही' म्हणता येते. सुई पिशवीच्या नळीला कारखान्यातूनच जोडलेली असते, ती एकदाच वापरतात आणि नंतर नष्ट करतात. आधीच्या दात्याचे काहीही तुमच्या शरीरात जाण्याचा मार्गच नसतो. पण हे विशेषणांनी न सांगता, दात्याला काय दिसेल ते सांगावे: 'सीलबंद पिशवी तुमच्यासमोर उघडली जाईल.' जे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता येते, त्यावर तो विश्वास ठेवतो.

दुसऱ्या भीतीला ठाम 'नाही' म्हणता येत नाही. बहुतेकांना काहीच होत नाही. काहींना, विशेषतः पहिल्यांदा देणाऱ्या, तरुण आणि कमी वजनाच्या दात्यांना, घाम येतो, मळमळते, चेहरा पांढराफटक पडतो, जांभया येऊ लागतात. तेव्हा आडवे करून पाय वर उचलून धरले की ते थोड्याच वेळात सावरतात. इजा होते ती बहुधा पडल्यामुळे, आणि पडतो तो घाईने उठणारा. सांजसावली, तुमच्यात काही कमी नव्हते. तुम्हाला कोणी बसवून ठेवले नाही. हे तोंडी सांगायचे ठरवले तर गर्दीच्या वेळी नेमके तेच राहून जाते, असा माझा बावीस वर्षांचा अनुभव आहे.

उंबरठा

तपासणीच्या मुद्द्यावर मी माझी सूचना मागे घेतो. हा विचार माझ्या मनात आला नव्हता. चक्करेबद्दल मात्र माझे मत अजून बदललेले नाही. पहिल्यांदा येणारा माणूस आधीच धास्तावलेला असतो.

तळटीप

सर्वांचे ऐकून नवीन मसुदा केला आहे.

'रक्तदान शिबिर, रविवार, १२ जुलै. नोंदणी सकाळी ९ ते दुपारी १. एकूण पाऊण ते एक तास लागेल.

तुमचे वय १८ ते ६५ आहे (पहिल्यांदाच देत असाल तर ६० पर्यंत), वजन ४५ किलो किंवा अधिक आहे आणि आज तुम्हाला बरे वाटते आहे, तर तुम्ही रक्त देऊ शकाल अशी शक्यता मोठी आहे. पूर्वी रक्त दिले असेल, तर पुरुषांनी १३ एप्रिलपर्यंत आणि स्त्रियांनी १४ मार्चपर्यंत दिलेले असावे. रक्तदाबाची किंवा साखरेची नेहमीची गोळी चालू असली तरी या. इन्सुलिन चालू असेल तर येऊ नये. हिमोग्लोबिन आणि रक्तदाब आम्ही तेथेच तपासू.

सध्या प्रतिजैविके चालू असतील, नेहमीची गोळी गेल्या महिन्याभरात बदलली असेल, बाळ अंगावर पीत असेल, किंवा गेल्या वर्षभरात प्रसूती, गर्भपात, शस्त्रक्रिया, दात काढणे, गोंदण, कावीळ, विषमज्वर, कुत्रा चावणे यांपैकी काही झाले असेल, तर निघण्यापूर्वी या क्रमांकावर विचारा. सोमवारी दुपारच्या आत गाडी चालवण्याची किंवा फार कष्टाच्या कामाची पाळी असेल, तर या वेळी देऊ नका.

ही रक्ततपासणी नाही, उपाशी येऊ नका. दोन-तीन तास आधी खाऊन या आणि शिबिरात आल्यावर पाणी प्या.

सुई आणि पिशवी नवी आणि सीलबंद असते व तुमच्यासमोर उघडली जाते, त्यामुळे रक्त दिल्याने कोणताही संसर्ग होत नाही. काहींना थोडा वेळ चक्कर आल्यासारखे वाटू शकते. म्हणून नंतर पंधरा मिनिटे आम्ही तुम्हाला बसवून ठेवू. त्या दिवशी त्या हाताने जड वस्तू उचलू नका.'

हे बहिणीला वाचायला दिले. तिने वाचून झाल्यावर विचारले, 'मग मी किती वाजता येऊ?' चक्करेच्या वाक्यावर ती थांबली नाही.

लालपेशी

मसुदा चांगला उतरला आहे. 'शक्यता मोठी आहे' हे शब्द तसेच ठेवा, 'देऊ शकाल' असे वचन देऊ नका. दोन दुरुस्त्या सुचवते. गुंतवळ झालेले यादीचे वाक्य तोडा: बाळ अंगावर पाजणाऱ्यांना फोन करायला लावू नका, तेवढ्या काळात रक्त घेतच नाहीत, त्यामुळे इन्सुलिनच्या वाक्यात त्यांना घ्या. बाकीच्या गोष्टींना प्रत्येकी वेगळा अवधी आहे, दात काढल्यावर सहा महिने, गोंदणानंतर बारा, त्यामुळे त्यांच्यासाठी फोनच बरा. पण फोनवर रक्तकेंद्रातला माणूस असू द्या, मंडळाचा कार्यकर्ता नको. आणि तो क्रमांक शनिवारी रात्री नऊपर्यंत उचलला जाईल, हे पाहा. लोक आदल्या रात्रीच विचारतात.

सांजसावली

पाळीच्या दिवसांत रक्त घेत नाहीत, हे मसुद्यात नाही. मला एकदा भर रांगेत एका पुरुष स्वयंसेवकाने हा प्रश्न मोठ्याने विचारला होता. निवेदनात ती ओळ असती, तर मी त्या दिवशी गेलेच नसते.

तळटीप

नियम आहे, हे मला कागदावरून कळले होते. मंडळातल्या ज्येष्ठांना ही ओळ जाहीर निवेदनात नको आहे आणि मला ती हवी आहे. परवाच्या बैठकीत मी विषय मांडणार आहे. तोवर निदान एवढे पक्के केले आहे, की स्त्रियांचे अर्ज स्त्री स्वयंसेविकाच तपासतील आणि प्रश्न आडोशाला विचारले जातील. लालपेशी, ओळ घालायची झाल्यास ती फोनच्या वाक्यात घालावी की बाळ अंगावर पाजणाऱ्यांबरोबर?

लालपेशी

त्यांच्याबरोबर घाला. त्यात विचारण्यासारखे काही नाही, तारीख तिची तिलाच ठाऊक असते. शब्द साधे ठेवा: 'पाळी चालू असेल तर ती संपल्यावर रक्तकेंद्रात येऊन देता येईल.' ज्येष्ठांना या वाक्यात खटकण्यासारखे काय आहे, ते त्यांनाच वाचून दाखवून विचारा.